पहिल्या सकाळी टेबलावर ठेवायची चिठ्ठी : नव्या टीम लीडसाठी

तुम्ही नुकतेच टीम लीड झाला असाल आणि सोमवारी तुमच्या टीममध्ये कुणी नवं रुजू होणार असेल, तर शुक्रवारी दुपारी एचआरकडून एक ओळ येते : "स्वागताचं काहीतरी लिहून ठेवा." त्या 'काहीतरी'त नेमकं काय असावं, ते कधी आणि कुठे द्यावं, हे मी इथे पायरी पायरीने सांगते. उदाहरण माझ्याच टीममधलं आहे. हिंजवडी फेज २ मधलं ऑफिस, आठ जणांची टेस्टिंग टीम, दवाखान्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर. नवी येणारी मुलगी सत्तावीस वर्षांची, मूळची नाशिकची, तीन वर्षांचा अनुभव असलेली, आणि सध्या कोथरूडला मावशीकडे उतरलेली. दिवस श्रावणातला सोमवार. नावं मी मुद्दाम गाळली आहेत.

चिठ्ठी ऑफिसच्या मेलवर पाठवू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. टीम लीड झाल्यावर पहिल्यांदा नवा माणूस आला, तेव्हा मी रविवारी रात्री बसून चांगलं दीड पान लिहिलं आणि त्याच्या ऑफिसच्या मेलवर पाठवून दिलं. त्याचा लॅपटॉप सोमवारी मिळालाच नाही. मंगळवारी मिळाला, तर लॉगिन चालेना. मेलबॉक्स उघडला बुधवारी दुपारी. तोवर त्याला जेवायला कुठे जायचं हे कळलं होतं, गेट कुठलं हे कळलं होतं, आणि पहिल्या दिवशी आपल्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं हेही त्याच्या मनात बसलं होतं. मी लिहिलेलं सगळं खरं होतं, पण ज्या सकाळसाठी लिहिलं ती सकाळ निघून गेली होती.

तेव्हापासून मी दोन भाग करते. पोहोचण्याबद्दलचं जे काही आहे ते आदल्या दिवशी संध्याकाळी तिच्या स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपने जातं. बाकीचं कागदावर छापून, घडी घालून, तिच्या टेबलावर ठेवते. लॅपटॉप येवो न येवो, कागद वाचता येतो. शिवाय पहिल्या तासात हाताला काही काम नसतं, तेव्हा वाचायला काहीतरी समोर असणं फार बरं पडतं.

लिहिण्याआधी चार फोन

चिठ्ठीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट शब्द दिल्यासारखी असते. "तुमचा लॅपटॉप टेबलावर तयार आहे" असं लिहिलं आणि टेबल रिकामं निघालं, तर पुढच्या ओळींवर तिने विश्वास का ठेवावा? म्हणून आधी खात्री, मग लेखन. शुक्रवारी दुपारी चारच्या आत मी चार ठिकाणी विचारते. चारनंतर आयटीवाले आठवड्याच्या कामांत गुंततात आणि उत्तर सोमवारवर जातं.

पहिला फोन सिक्युरिटीला : सोमवारच्या यादीत तिचं नाव आहे का, आणि तिने कुठल्या गेटने यायचं? आमच्याकडे दोन गेटं आहेत. मोबाइलवरचा नकाशा मागच्या गेटवर नेऊन सोडतो आणि तिथे नव्या माणसाला आत घेत नाहीत. दुसरा आयटीला : लॅपटॉप कुणाच्या ताब्यात आहे आणि लॉगिन तयार आहे का? "होऊन जाईल" हे उत्तर म्हणजे 'नाही' समजा. मशीनचा नंबर सांगितला तरच 'हो'. तिसरा एचआरला : कागदपत्रांचं आणि कंपनीच्या ओळखीचं सत्र किती ते किती? चौथा फोन म्हणजे खरं तर टीममधल्याच एकाशी पाच मिनिटं बोलणं. त्याबद्दल खाली सविस्तर सांगते.

चारपैकी एखादं उत्तर मिळालं नाही, तर ती गोष्ट चिठ्ठीत तशीच लिहा : "लॅपटॉप दुपारपर्यंत येईल असं आयटीने सांगितलं आहे, तोवर काय करायचं ते खाली लिहिलं आहे." वाट पाहावी लागेल हे आधी माहीत असलं की माणूस निवांत वाट पाहतो. माहीत नसलं, की आपलंच काही चुकलं असं त्याला वाटत राहतं.

रविवार संध्याकाळचा मेसेज

हा छोटा ठेवा. फोनच्या पडद्यावर एका नजरेत मावेल एवढा. रात्री दहाला नको, सहा-सातला पाठवा. कागदपत्रं शोधायला, झेरॉक्स काढायला दुकानं उघडी असतात तोवर.

कोथरूडहून हिंजवडीला यायचं म्हणजे चांदणी चौकातून बायपास धरायचा आणि वाकडला उतरायचं. नकाशात अंतर बघून माणूस पाऊण तास धरतो. सोमवारी सकाळी, पाऊस असताना, भूमकर चौक ते हिंजवडीचा शिवाजी चौक एवढ्याच टप्प्यात तो पाऊण तास जाऊ शकतो. पुण्यात राहून आलेल्याला हे माहीत असतं, नाशिकहून आलेल्याला नसतं. म्हणून वेळ सांगताना 'ऑफिसला किती वाजता यायचं' याबरोबर 'घरातून किती वाजता निघायचं' हेही सांगा. आणि उशीर झाला तर काय, हे एका वाक्यात लिहा. पहिल्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस फोन करावा की नाही याच विचारात अर्धा तास घालवतो.

कंपनीची बस आहे, पण पहिल्या दिवशी ती उपयोगाची नाही. ओळखपत्र मिळाल्यावर मार्गाची नोंदणी होते आणि मग बसमध्ये घेतात. हे न सांगितल्यामुळे एक जण वनाजच्या स्टॉपवर उभा राहिला होता आणि ड्रायव्हरने त्याला चढू दिलं नाही.

कागदपत्रांची यादी एचआरने मेलवर पाठवलेली असतेच. ती परत लिहू नका. फक्त एक गोष्ट वेगळी सांगा, कारण ती चुकली की निस्तरायला महिने जातात : आधी नोकरी केली असेल आणि पीएफ कापला जात असेल, तर बारा आकडी यूएएन लिहून आणायचा. रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्ये तो विचारतात. आठवत नाही म्हणून ती जागा रिकामी सोडली, तर दुसरा यूएएन निघण्याची शक्यता असते. मग जुन्या खात्यातली रक्कम नव्यात आणण्यासाठी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जुनी कंपनी सोडल्याची तारीख असं सगळं जुळवत बसावं लागतं. जुन्या पगाराच्या स्लिपवर हा नंबर बहुधा छापलेला असतो. रविवारी संध्याकाळी घरी बसून तो दोन मिनिटांत सापडतो, सोमवारी एचआरच्या खोलीत सापडत नाही.

मी पाठवलेला मेसेज असा होता :

> नमस्कार, मी तुमची टीम लीड. उद्या सकाळी १० वाजता यायचं आहे. कोथरूडहून ८:१५ ला निघा, पाऊस आहे. गेट नंबर १ ने या, म्हणजे मुख्य रस्त्यावरचं. नकाशा मागच्या गेटला नेतो, तिथून आत घेत नाहीत. गेटवर मूळ आधार किंवा पॅन दाखवायचं, यादीत तुमचं नाव आहे. उद्यापुरती कंपनीची बस मिळणार नाही. जुन्या पगाराच्या स्लिपवरून यूएएन नंबर लिहून आणा. उशीर झाला तर याच नंबरवर नुसता 'अडकले' असा मेसेज टाका, फोन करायची गरज नाही. आणि तुम्हाला काय नावाने हाक मारायची ते सांगा.

शेवटचं वाक्य सहज टाकलेलं नाही. आधारवरचं नाव एक असतं, घरचं वेगळं, आणि आधीच्या ऑफिसात तिसरंच काहीतरी पडलेलं असतं. कुणाला पूर्ण नाव आवडतं, कुणाला लग्नाआधीचं आडनाव चालू ठेवायचं असतं. उत्तर रविवारीच आलं तर सोमवारची चिठ्ठी योग्य नावाने सुरू होते. टेबलावरची पाटी आणि टीमला पाठवायचा ओळखीचा मेलही त्याच नावाने जातो.

'तू' की 'तुम्ही'

मराठीत लिहायचं ठरवलं की पहिल्याच वाक्यात हा प्रश्न उभा राहतो. आमच्या ऑफिसात आठवड्याभरात सगळे 'अरे-तुरे'वर येतात, आणि ते छानच आहे. पण चिठ्ठी पहिल्या सकाळची आहे. मी 'तुम्ही'च लिहिते, समोरची व्यक्ती बावीस वर्षांची असली तरी. 'तू' म्हणायची परवानगी मोठ्याने गृहीत धरली तर लहानाला 'नको' म्हणता येत नाही. उलटही होतं : माझ्या टीममध्ये माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे गृहस्थ रुजू झाले होते. मी त्यांना 'तू' म्हणणं मला जमलं नसतं, आणि त्यांनी मला 'मॅडम' म्हणणं मला नको होतं. चिठ्ठीत मी एवढंच लिहिलं की इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तुम्हाला सोयीचं वाटेल तेव्हा तुम्हीही मारा. त्यांना तीन आठवडे लागले. तेवढा वेळ त्यांना मिळाला, हे बरंच झालं.

मराठीत लिहावं की इंग्रजीत, याचं सोपं उत्तर : मुलाखतीनंतर फोनवर तुमचं ज्या भाषेत बोलणं झालं, त्या भाषेत. टीमला जाणारा ओळखीचा मेल इंग्रजीत असू दे, कारण टीममध्ये चेन्नईची आणि पाटण्याचीही माणसं आहेत. पण चिठ्ठी एका माणसासाठी आहे.

सुरुवात : तिलाच का घेतलं

"आमच्या कुटुंबात आपलं सहर्ष स्वागत" हे वाक्य मी पूर्वी लिहायचे, आता लिहीत नाही. ते कुणालाही लागू पडतं, आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. त्याऐवजी तिच्या मुलाखतीतली एक खरी गोष्ट आठवून लिहा. या मुलीने मुलाखतीत सांगितलं होतं की आधीच्या ठिकाणी औषध दुकानाच्या बिलात पैसे पूर्ण रुपयांत धरल्यामुळे रोज चार-पाच रुपयांचा फरक यायचा, आणि तिने तीन दिवस बसून तो कुठून येतो ते शोधलं. आमच्या बिलिंगला अशाच नजरेची गरज होती. मी तेच लिहिलं, दोन वाक्यांत. ते वाचून तिला कळतं की आपलं बोलणं कुणीतरी नीट ऐकलं होतं, आणि इथे कशाला किंमत आहे हेही आपोआप समजतं.

इथे थांबा. कौतुक तिसऱ्या वाक्यात गेलं की त्याचं ओझं होतं. नव्या माणसाला वाटू लागतं की आता पहिल्याच आठवड्यात काहीतरी करून दाखवलं पाहिजे.

दिवस घड्याळाप्रमाणे

चिठ्ठीचा मोठा भाग हाच. दहा ते पाच काय होणार, कुठे, कुणाबरोबर. त्यात रिकामा वेळही लिहायचा. एचआरचं सत्र साडेअकराला संपतं आणि लॅपटॉप दीडच्या आत येत नाही, हे मला माहीत आहे. मग मधले दोन तास ती काय करणार? बहुतेक ठिकाणी नवा माणूस या दोन तासांत खुर्चीवर बसून फोन चाळतो, कुणी जवळून गेलं की फोन उलटा ठेवतो. हे दृश्य दिसलं की समजावं, दिवसाचा हा भाग कुणी आखलेलाच नाही.

मी हे दोन तास टीममधल्या एकीच्या शेजारी बसायला देते. नुसतं 'बघत बस' असं नव्हे. आमचं सॉफ्टवेअर वापरून एका पेशंटचं बिल सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना बघायचं : भरती, अनामत रक्कम, खोली बदल, औषधं, डिस्चार्ज. साधारण चाळीस मिनिटं लागतात. दवाखान्याचं बिल कसं बनतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पुढे वाचायला दिलेली कागदपत्रं समजतात. आधी कागदपत्रं दिली तर नुसती पानं उलटली जातात.

एकच माणूस, आणि तो तुम्ही नव्हे

"काहीही लागलं तर मला विचारा" हे वाक्य सगळे टीम लीड लिहितात, आणि नवा माणूस कधीच विचारत नाही. स्वच्छतागृह कुठे, पाण्याची बाटली कुठे भरायची, वायफायचा पासवर्ड काय, छत्री कुठे ठेवायची, हे प्रश्न लीडला विचारायचे नसतात असं प्रत्येकाला वाटतं. शिवाय लीड दिवसातले निम्मे तास मीटिंगमध्ये असतो. म्हणून एक सोबती नेमा आणि चिठ्ठीत त्याचं नाव, बसायची जागा आणि फोन नंबर लिहा.

सोबती निवडताना टीममधला सर्वांत हुशार माणूस निवडू नका. त्याच्याकडे वेळ नसतो, आणि स्वतःला आलेल्या अडचणी त्याला आठवतही नाहीत. गेल्या वर्षभरात रुजू झालेलं कुणीतरी निवडा. त्याला विचारून निवडा, आणि त्याचं त्या दिवसाचं निम्मं काम काढून घ्या. चौथा फोन म्हणाले होते, तो हा. काम न काढता सोबती नेमला, तर तो बिचारा दुपारी दोनपासून घड्याळाकडे बघू लागतो आणि नव्या माणसाला ते लगेच जाणवतं.

जेवण

पुण्यातल्या ऑफिसात पहिल्या दिवशीचा सर्वांत अवघड क्षण दुपारी एकचा असतो असं माझं मत आहे. डबा आणलाय की नाही, कँटीनला कूपन लागतं की कार्ड, कुणाबरोबर बसायचं. चिठ्ठीत स्पष्ट लिहा : एक वाजता सोबती तुम्हाला घेऊन जाईल, पहिल्या दिवशीचं कूपन टेबलावर ठेवलं आहे, डबा आणला असेल तर तोही तिथेच खाता येतो. श्रावणी सोमवार असल्याने मी एक ओळ वाढवली की उपास असेल तर कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी असते. 'तुमचा उपास असेलच' असं लिहिलं नाही. कोण काय पाळतं, काय खातं, हे गृहीत धरायचं नाही.

सगळ्या टीमला एकदम जेवायला नेऊ नका. आठ अनोळखी माणसं एका टेबलावर म्हणजे जेवण राहतं बाजूला आणि मुलाखत सुरू होते : गाव कुठलं, राहता कुठे, घरी कोण कोण. दोन-तीन जण पुरे. एकत्र जेवण शुक्रवारी करा, तोवर नावं पाठ झालेली असतात.

पहिलं काम

पहिल्या दिवशी पूर्ण होईल असं एक छोटं काम द्या आणि ते चिठ्ठीत नेमकं लिहा. 'सिस्टिम समजून घ्या' हे काम नव्हे, ते कधी संपलं हेच कळत नाही. आमच्याकडे मी एक बंद झालेली तक्रार देते. या वेळची होती : पेशंटचा डिस्चार्ज रात्री बारानंतर नोंदवला, तर खोलीभाडं एक दिवस जास्त लागतं. ही दुरुस्त होऊन दोन महिने झाले आहेत. तक्रारीत लिहिलेल्या पायऱ्यांनी टेस्ट सर्व्हरवर एक बिल बनवायचं, भाडं बरोबर येतंय का पाहायचं, आणि कुठली पायरी वाचून समजली नाही त्यावर खूण करायची.

बंद तक्रार देण्यामागे कारण आहे. उघडी दिली तर कुणीतरी उत्तराची वाट बघत असतं आणि ताण येतो. इथे उत्तर माहीत आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही. पण 'कुठे समजलं नाही' हे मात्र खरंच उपयोगाचं असतं. आम्ही त्या पायऱ्या रोज वाचतो, त्यातल्या गाळलेल्या जागा आम्हाला दिसत नाहीत. लॅपटॉप आलाच नाही, तर हेच काम सोबत्याच्या मशीनवर करता येतं. चिठ्ठीत तेही लिहा.

काय लिहायचं नाही

पगार, रजा, नोटीस पिरियड, घरून काम किती दिवस, यांतलं काहीही नको. ते एचआरच्या कागदात आहे, आणि तुम्ही एका ओळीत लिहिलेलं पुढे वाद झाला की दाखवलं जातं. ज्यांच्या जागी ती आली आहे त्यांच्याबद्दल बरंवाईट काही नको. आणि "लवकरच मोठी जबाबदारी मिळेल" असं तर अजिबात नको. मिळाली नाही तर ते वाक्य तिच्या लक्षात राहील, बाकीची चिठ्ठी नाही.

पूर्ण चिठ्ठी

एक पान, मोठ्या अक्षरात छापलेलं. सही मात्र पेनाने.

> नमस्कार,
>
> आलात, बरं वाटलं. औषध दुकानाच्या बिलातला चार रुपयांचा फरक तुम्ही तीन दिवस शोधलात हे मुलाखतीत सांगितलं होतंत. आमच्या बिलिंगमध्ये असं शोधणारं माणूस आम्हाला हवं होतं.
>
> आजचा दिवस असा आहे. १० ते ११:३० एचआरबरोबर, तिसऱ्या मजल्यावर. त्यानंतर या टेबलावर या. तुमच्या डावीकडे बसते ती तुमची सोबती (नाव, फोन). तिने आजचा वेळ तुमच्यासाठी ठेवला आहे, कुठलाही प्रश्न तिला विचारा. ती तुम्हाला एका पेशंटचं बिल भरतीपासून डिस्चार्जपर्यंत करून दाखवेल.
>
> १ वाजता जेवण. कूपन या कागदाला लावलं आहे. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी मिळते. डबा असेल तर तोही कँटीनमध्येच खातो आम्ही.
>
> लॅपटॉप दीडच्या सुमारास येईल. पहिलं लॉगिन करताना तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, फोन चार्ज ठेवा. आला नाही तर काळजी करू नका, पुढचं काम सोबतीच्या मशीनवर होतं.
>
> आजचं काम एवढंच : सोबत जोडलेल्या बंद तक्रारीच्या पायऱ्या करून पाहा आणि जी पायरी समजली नाही तिच्यावर खूण करा. जितक्या खुणा कराल तितकं आम्हाला बरं.
>
> मी ११ ते १ आणि २ ते ४ मीटिंगमध्ये आहे. साडेचारला तुमच्याकडे येते, दहा मिनिटं बोलू. ५ वाजता निघा. आम्ही बसलेले दिसलो तरी निघा, साडेपाचनंतर भूमकर चौकात फार वेळ जातो.
>
> ओली छत्री दारामागच्या बादलीत ठेवतात. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात.

निघायची वेळ लिहायला विसरू नका. नवा माणूस लीड उठेपर्यंत उठत नाही. एकदा मी साडेसातपर्यंत एका कामात बसले होते. उठले तेव्हा त्या दिवशी रुजू झालेला मुलगा बॅग मांडीवर घेऊन बसलेला दिसला. त्याला चिंचवडला जायचं होतं आणि त्याचं काम पाचलाच संपलं होतं.

साडेचारची दहा मिनिटं

ही ठरलेली वेळ चुकवायची नाही. मीटिंग लांबली तर मध्येच उठा. चिठ्ठीत लिहिलेली ही एकच गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

"सगळं ठीक ना?" असं विचारलं की उत्तर येतं "हो मॅडम", आणि त्यातून काहीही कळत नाही. मी विचारते, "आज सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" आणि "चिठ्ठीत लिहिलं होतं तसं काय झालं नाही?" दुसऱ्या प्रश्नाला लोक मोकळेपणाने उत्तर देतात, कारण त्यात माणसाची नव्हे तर कागदाची चूक सांगायची असते.

त्या सोमवारी तिने तीन गोष्टी सांगितल्या. गेट नंबर १ वर 'गेट नंबर १' असं कुठेही लिहिलेलं नाही, फक्त कंपनीचा निळा बोर्ड आहे. ती पाच मिनिटं पुढे जाऊन परत आली होती. ओटीपी तिच्या फोनवर आलाच नाही, कारण अर्जात तिने नाशिकचा जुना नंबर दिला होता आणि ते सिम आता तिच्या भावाकडे आहे. आयटीला नंबर बदलायला तास लागला. आणि बंद तक्रारीच्या चौथ्या पायरीत 'डिस्चार्जची वेळ बदला' असं लिहिलं आहे, पण ती बदलायचा अधिकार नव्या लॉगिनला नाही, तो वेगळा मागावा लागतो.

तिसरी गोष्ट आम्हा आठ जणांपैकी कुणाच्याही लक्षात आली नव्हती. तिथेच बसून मी फोनमधल्या चिठ्ठीच्या नमुन्यात दोन बदल केले : 'गेट नंबर १' च्या जागी 'निळ्या बोर्डाचं गेट', आणि शुक्रवारच्या फोनमध्ये आयटीला विचारायचा नवा प्रश्न, की ओटीपी कुठल्या नंबरवर जाणार आहे. चौथी पायरी तिने स्वतः दुरुस्त करून लिहिली. पाच वाजून पाच मिनिटांनी ती निघाली.